वास न येणारी खोट

नागपुरात सकाळी फिरायला जाणाऱ्यांची एक निराळीच जात आहे. ही मंडळी पायी फिरायला जातात ती कारनं. बागेच्या फाटकाशी गाडी लावायला जागा मिळाली नाही तर दहा मिनिटं तिथंच भांडतात, मग आत जाऊन दोन चकरा मारतात. वजन उतरल्याच्या खुशीत बाहेर आले की वाटीभर मोड खातात, वरून शेव मागतात, आणि मोड खाल्लेच आहेत म्हणून पलीकडच्या टपरीवर तर्री-पोहे हाणायला मोकळे होतात. सुभद्राबाई डहाके अकरा वर्षं फाटकाशी बसून ही जत्रा पाहत होती. "यायले चालाचं नसते, चाललो म्हनून सांगाचं असते," असं ती म्हणायची, आणि म्हणताना आवाज कमी करायची नाही.

तिचा पसारा साधा होता. एक लाकडी पाट, त्यावर स्टीलचे तीन डबे. एकात मूग, एकात मोट म्हणजे मटकी, एकात हरभरा. बाजूला चिरलेला कांदा, लिंबं, मीठ आणि मसाला. शेव ती ठेवायची नाही. कोणी मागितली तर म्हणायची, "शेव पायजे तं शेववाल्याकडं जा नं, काहून इथं उभे राहिले?" गिऱ्हाईकाशी असं बोलणारी बाई धंद्यात टिकत नाही म्हणतात. ही टिकली, कारण तिचा माल एक नंबर होता, आणि माल एक नंबर होता तो तिच्या नाकामुळे.

त्या नाकाचं काय सांगावं. डब्याचं झाकण बोटभर उघडलं की तिला कळायचं, आतले मोड कालचे की परवाचे, फडकं ओलं राहिलं होतं की नीट पिळलं होतं. ताज्या मोडाचा वास कच्च्या शेंगेसारखा, थोडा गोडसर. तो जरासा आंबूस झाला किंवा ओल्या बारदानासारखा कुबट येऊ लागला, की सुभद्राबाई पुढं विचारसुद्धा करायची नाही. मग ती दोन बोटांत चार दाणे घेऊन चोळायची. दाणे कोरडे, करकरीत लागले तर ठीक. बोटांना बुळबुळीत लागले, बोटं उचलताना चिकट तार आली, तर सगळा डबा फेकायचा. गायीलाही घालायचा नाही. "गायीनं काय घोडं मारलं आपलं," म्हणायची.

घरी तिचा जुना, एका दाराचा फ्रिज होता. दाराचं रबर सैल झालं तेव्हा तिनं दोन दिवस धंदा बंद ठेवून ते बदलून घेतलं, नव्या साडीचे पैसे मोडून. तिच्या फ्रिजचे कायदे कोर्टापेक्षा कडक. मोड आले की पाणी पूर्ण निथळून, फडक्यावर पसरून कोरडे करायचे, मगच डब्यात. डबा वरच्या खणात, बर्फाच्या कप्प्याखाली, जिथं गारवा जास्त. कच्चं मटण-अंडं त्या खणात नाही. दोन दिवसांवर माल ठेवायचा नाही. आणि सगळ्यात मोठा कायदा, जुन्या मोडांवर नवे मोड घालायचे नाहीत.

हा कायदा तिच्या नवऱ्यासाठी होता. शालिकराम मुळात गरीब माणूस, पण त्याला रिकामा डबा घासायचा कंटाळा. तीन वर्षांमागं त्यानं तळाशी उरलेल्या मोटीवर ताजी मोट ओतून डबा भरून ठेवला. वरून सगळं पांढरंशुभ्र, खाली लिबलिबीत. सुभद्राबाईनं झाकण उघडलं, नाक मुरडलं, आणि डबा त्याच्यासमोर अंगणात पालथा केला. "खालचं सडलं की वरचंही गेलं, समजलं का तुमाले? सडकं कोनाच्या सोबतीनं चांगलं होत नाही, चांगलंच सडकं होते," एवढं म्हणून ती तीन दिवस त्याच्याशी बोलली नाही. पण तेव्हापासून शालिकरामच्या नावावर ते कायमचं लागलं. घरात काहीही बिघडलं तरी आधी त्याच्याकडं बघायचं, असा रिवाज पडला.

शेजारच्या रुखमाबाईची गोष्ट तर ती फाटकावर गिऱ्हाइकांना रंगवून सांगायची. रुखमाबाईच्या फ्रिजमध्ये पाच दिवसांची मोट निघाली. तार सुटलेली, वास असा की मांजर पळावं. ही बाई म्हणे, टाकायची कशाला, अन्न आहे. सहा पाण्यांनी धुतली, लिंबू पिळलं, मीठ चोळलं, आणि वास गेला म्हणून सुभद्राबाईला दाखवायला आणली. सुभद्राबाई म्हणाली, "काय वं, वास धुतला तू, खराबी धुतली का? चिकट झालं म्हंजे जंतूनं तिथं संसार मांडला. तू त्यायचं फक्त अंगण झाडून राहिली." रुखमाबाईनं ऐकलं नाही. मसाला घालून झणझणीत उसळ केली, आणि मग घरातली पाचही माणसं दोन दिवस एकाच संडासापुढं रांग लावून उभी राहिली. ही गोष्ट सांगून झाली की सुभद्राबाई नाक फुगवून पुढच्या गिऱ्हाइकाकडं वळायची.

इतपत सगळं खरं होतं. तिचं नाक खरं, तिचे कायदे खरे, रुखमाबाईचा मूर्खपणाही खरा. पण माणूस नऊ गोष्टी बरोबर सांगू लागला की त्याला वाटतं, दहावीही आपल्यालाच ठाऊक असणार. सुभद्राबाईला वाटायचं, जे सडलं त्याला वास येतो, आणि ज्याला वास येत नाही ते अमृत आहे. पहिलं बरोबर होतं. दुसऱ्यावर तिनं अकरा वर्षं धंदा केला होता.

तिची बोहनीची एक रीत होती. डबे उघडले की पहिली चिमूट विकायची नाही, लहान लेकराच्या हातात द्यायची. लेकरानं ती तोंडात घातली की मग धंदा सुरू. लेकराचा हात लागला की दिवस चांगला जातो, असं तिच्या आईनं सांगितलं होतं. आई भाजीचा ठेला लावायची आणि पोरांना बोर, गाजराचा तुकडा असं काही द्यायची. सुभद्राबाईनं रीत उचलली आणि गाजराच्या जागी मोड आणले. त्यात काही फरक पडतो हे तिच्या डोक्यातही आलं नाही.

गेल्या वर्षभरात बोहनीचं लेकरू ठरलेलं होतं. पाटबंधारे खात्यातून हेड क्लार्क म्हणून निवृत्त झालेले मनोहरराव रोज सकाळी नातवाला घेऊन येत. नातू पियुष, दोन वर्षांचा. सुभद्राबाईला या जगात फार कमी माणसं आवडायची, आणि जी आवडायची ती सगळी पाच वर्षांच्या आतली होती. पियुष आला की ती "ये गा माह्या सावकारा" म्हणून हात पुढं करायची. तो मुगाचे दाणे एकेक उचलून, शेपूट आधी चावून खायचा. दोन-चार जमिनीवर पडायचे. तेवढ्या वेळापुरती फाटकावरची सगळ्यात तुसडी बाई हसताना दिसायची.

पियुषची आई श्वेता मिहानमध्ये कुठल्याशा संगणकाच्या कंपनीत होती. एका रविवारी ती स्वतः आली. सुभद्राबाईनं पियुषपुढं मूग धरले तर तिनं मध्येच हात घातला. "काकू, त्याला कच्चे मोड नका देऊ. डॉक्टर नको म्हणाले. शिजवलेले चालतील."

"घ्या, हुंगा," सुभद्राबाईनं डबाच तिच्या तोंडापुढं धरला. "येते का वास? हात लावून पाहा, चिकट हाय का?"

"वासाचा प्रश्न नाही, काकू."

"मंग कायचा हाय?"

श्वेताला तिथं उभं राहून भाषण द्यायचं नव्हतं. एवढंच म्हणाली, "लहान मुलांना नाही द्यायचे, बस." आणि पोराला उचलून गेली. सासऱ्यांनाही तिनं घरी हेच सांगितलं होतं, आधी एकदा आणि त्या दिवशी पुन्हा एकदा.

तिची पाठ वळल्यावर फाटकावर जी चर्चा झाली ती सांगण्याजोगी नाही. सुभद्राबाई म्हणाली, "पाकिटावरची तारीख वाचून खानारी मानसं ही. यायले नाक देवानं चष्मा ठेवाले देलं." चारजण हसले. मनोहरराव सगळ्यात जास्त हसले. सोमवारी ते पियुषला घेऊन आले, इकडं-तिकडं पाहिलं आणि म्हणाले, "द्या हो, सुभद्राबाई. आमचं बालपण गेलं शेतातले दाणे खाऊन, आम्हाला काय झालं?" या वाक्यानं देशात किती पोरांची पोटं बिघडली असतील, मोजदाद नाही. सुभद्राबाईनं चिमूट दिली. मंगळवारीही दिली.

मंगळवारचा माल तिला पुढं कित्येक दिवस आठवत राहिला. वैशाख होता, मूग एका रात्रीत बोटभर आले होते. सोमवारी पसरून कोरडे केले, गार केले. मंगळवारी झाकण उघडलं तर असा गोडसर वास की तिनं स्वतः मूठभर खाल्ले. असे मूग वर्षातून एकदा जमतात.

बुधवारी मनोहरराव आले नाहीत. गुरुवारीही नाहीत. सुभद्राबाईनं दोन्ही दिवस कुठल्यातरी दुसऱ्या पोराला चिमूट दिली, पण मन लागलं नाही. शुक्रवारी रविंद्र नावाचा एक फिरणारा आला. हा बागेत हातपाय हलवण्यापेक्षा जीभ जास्त हलवायचा. त्यानं वाटी घेण्याआधीच सांगितलं, "मनोहररावांचा नातू ॲडमिट आहे. जुलाब, उलट्या, ताप. सलाईन लावलंय. तुमचे मोड खाल्ले म्हणतात."

बातमी मधाच्या वेगानं नाही, रॉकेलच्या वेगानं पसरते. काल जे लोक "सुभद्राबाई, तुमच्यासारखा माल नाही" म्हणत होते ते आज वाटी नाकाशी नेऊन हुंगू लागले. ज्यांना घरचं दूध फाटलेलं कळत नाही असे लोक तिच्यापुढं हुंगायला लागले. एकानं वाटी परत ठेवली. सुभद्राबाईच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. पण त्या रागाखाली एक गोष्ट गार दगडासारखी बसली होती. पोराच्या हाताला सलाईन होतं, आणि त्याच हातावर तिनं मूग ठेवले होते.

ती डबे झाकून सरळ घरी आली. शालिकराम बाजेवर बसून फडकं पिळत होता.

"खरं सांगा," ती म्हणाली. "सोमवारी खाली जुने मूग होते. तुमी त्याच्यावर नवे टाकले."

"नाई टाकले."

"टाकले असन. डबा घासाचा कंटाळा आला असन. मले राग नाही येत, सांगून टाका."

शालिकराम तिच्याकडं पाहतच राहिला. तीस वर्षांत त्यानं तिला असं आर्जवानं बोलताना ऐकलं नव्हतं. तिला नवरा गुन्हेगार हवा होता. तो गुन्हेगार निघाला की माल खराब होता, माल खराब होता की ज्या दिवशी नवऱ्यानं घोळ केला त्या एकाच दिवसाची चूक. नाक शाबूत, धंदा शाबूत, अकरा वर्षं शाबूत. बाईनं सगळा हिशेब मनात मांडला होता, फक्त शालिकरामनं हो म्हणायचं बाकी होतं.

"रविवारचे उरलेले मूग मी शिजवून खाल्ले," तो म्हणाला. "डबा घासला, उन्हात वाळवला. आन् मंगळवारी तूच तं हुंगला होता, खाल्ला होता. तुले वास आला होता का?"

"नाई."

"चिकट होते?"

"नाई."

"मंग माह्यावर काहून लादून राहिली?" त्यानं फडकं दोरीवर टाकलं आणि बाहेर गेला. पहिल्यांदा तो तिच्यापुढं बरोबर होता, आणि तेही त्याला उपभोगता आलं नाही.

दुपारी ती मुलांच्या दवाखान्यात गेली. बाहेरच्या बाकावर श्वेता बसली होती, केस विस्कटलेले, दोन दिवसांचा तोच कुर्ता. सुभद्राबाई रस्ताभर भांडणाची तयारी करत आली होती. माह्या मालाले नाव ठेवाचं काम नाही, हे पहिलं वाक्य. पण काचेतून तिला पियुष दिसला. मनगटाला पट्टी बांधून सुई आत गेलेली, ओठ सुकलेले, डोळे अर्धे उघडे. तो रडतही नव्हता. लेकरू रडत नाही तेव्हा घाबरावं, हे दवाखान्यातल्या कोणी सांगायची गरज नसते.

"माल खराब नव्हता," एवढंच ती बोलली.

"डॉक्टरही खराब होता असं म्हणत नाहीत," श्वेता म्हणाली. आवाजात राग नव्हता, थकवा होता. "तुमच्याच मोडांनी झालं असं ते छातीठोक सांगत नाहीत. पण त्याच्या पोटात जे जंतू निघाले ते कच्च्या मोडांतून येतात, आणि बाहेरचं कच्चं असं त्यानं तेवढंच खाल्लं होतं."

"पन वास..."

"काकू, वास आणि चिकटपणा आला म्हणजे मोड सडले, शिजवूनही चालत नाहीत, फेकायचे. ते तुमचं बरोबरच आहे. पण आजारी पाडणारे हे जंतू वेगळे. ते बियाण्यातच बसून येतात. भिजवून उबदार ओल्या फडक्यात बांधलं की मोडांबरोबर तेही वाढतात. वास नाही, तार नाही, काही नाही. धुऊन पूर्ण जात नाहीत. फ्रिजमध्ये नुसते सुस्त पडतात, मरत नाहीत. नीट वाफ येईपर्यंत शिजवलं तरच मरतात. तुम्हाला-मला ते कदाचित पचतीलही. एवढ्याशा पोराला नाही, म्हाताऱ्याला नाही, पोटुशीला नाही."

सुभद्राबाईनं विचारलं, "म्हंजे हुंगून कळतच नाही?"

"नाही कळत."

माल सडका होता असं ऐकलं असतं तर तिनं छाती बडवली असती आणि मोकळी झाली असती. हे त्याहून वाईट होतं. ज्या नाकानं ती अख्ख्या नागपूरला कांदे सोलून दाखवत होती, ते नाक या कामाचं नव्हतंच. रुखमाबाईच्या घरची माणसं मोठी होती आणि रुखमाबाईला सडक्याचा वास तरी आला होता. पियुषला तर तिनं हसत हसत, हुंगून, खात्री करून दिलं होतं. तिला स्वतःची एवढी चीड आली की बाकावर बसवेना. ती उभ्यानंच थोडा वेळ काचेपाशी राहिली आणि निघून आली.

पोरगं तरलं. दोन दिवसांनी त्यानं पेज मागितली, चौथ्या दिवशी घरी गेलं. सुभद्राबाईनं मधल्या काळात धंदा बंद ठेवला. आठवड्यानं ती पुन्हा फाटकावर बसली तेव्हा तीन डब्यांबरोबर एक पितळी पातेलं होतं, झाकण लावलेलं. त्यात मऊ शिजवलेले मूग. शिजवलेलेही ती सकाळी केलेले सकाळीच संपवणार होती. गर्दी निम्म्यावर आली होती, आणि जे आले ते खाण्यापेक्षा पाहायला आले होते. आपल्याकडं तमाशाला वर्गणी लागत नाही.

त्या रविवारी मनोहरराव आले. सोबत श्वेता, तिच्या कडेवर पियुष, गाल बसलेले पण डोळे फिरणारे. मनोहररावांनी घसा साफ केला आणि चारचौघांना ऐकू जाईल असं बोलले, "सुभद्राबाई, झालं ते झालं. माणूस आहे, चुकतो. त्या दिवशी चुकून शिळा माल आला असणार, नाही का? शालिकरामनं जुनं-नवं एक केलं असेल. तुम्ही तसं सांगून टाका. आमचा काही राग नाही. उद्यापासून आपलं पहिल्यासारखं."

रविंद्र लगेच म्हणाला, "हो नं, एखाद्या दिवशी होते." दोघा-तिघांनी माना हलवल्या. सगळ्यांना तेच हवं होतं. माल शिळा होता म्हटलं की सगळे सुटत होते. त्यांना उद्यापासून हुंगून खाता येणार होतं. सुभद्राबाईला धंदा परत मिळणार होता. आणि मनोहरराव तर सगळ्यात आधी सुटत होते, कारण माल शिळा असेल तर सुनेनं दोनदा बजावूनही पोराला मूग चारणारा म्हातारा गुन्हेगार राहत नाही, तो फसवला गेलेला आजोबा ठरतो. हेड क्लार्क माणूस, फायलीवर दुसऱ्याची सही कुठं घ्यायची हे त्याला बरोबर कळतं.

सुभद्राबाईनं त्यांच्याकडं पाहिलं. हो म्हणायला एक अक्षर लागणार होतं. शालिकराम घरी होता, त्याला कळलंही नसतं, आणि कळलं असतं तरी नवं काय, त्याच्या नावावर आधीच एक डबा होता.

"नाई, काकाजी," ती म्हणाली. "शिळा नव्हता. माह्या मालकानं काही केलं नाही. असा माल मी वर्षात दोनदा करत नाही. ना वास, ना चिकट. चांगल्यात चांगले मूग होते."

"मग पोरगं आजारी कशानं पडलं?" रविंद्रनं विचारलं.

"कच्चे देले म्हनून. ताजे असले तरी त्याच्यात जंतू राहतेत, ते दिसत नाहीत, हुंगून कळत नाहीत. शिजवल्याबिगर मरत नाहीत. याच्या आईनं मले इथं उभी राहून सांगतलं होतं आन् मी हसली. माह्या नाकाचा माज होता मले. काकाजीनं मागतले तरी लेकराले मी देले, ते चुकलं."

श्वेता सासऱ्याकडं वळली. "बाबा, तुम्ही मला म्हणालात, तुमची पाठ वळल्यावर बाईनंच हातात कोंबले."

मनोहररावांनी बुटाची नाडी बांधायला घेतली. ती बांधलेलीच होती. बराच वेळ ते खाली वाकून राहिले, आणि उठले तेव्हा म्हणाले, "चला, ऊन वाढतंय." सकाळचे सात वाजले होते. ते एकटेच गाडीकडं गेले. श्वेता क्षणभर थांबली. तिनं आभार मानले नाहीत आणि सुभद्राबाईलाही ते नको होते. पियुषनं डब्याकडं हात केला. सुभद्राबाईनं डबा मागं सरकवला, पातेल्यातले चार मऊ दाणे चमच्यात घेतले आणि त्याच्या आईकडं पाहिलं. श्वेतानं मान डोलावली तेव्हाच तिनं चमचा पुढं केला.

ते गेल्यावर एक बाई पुढं आली. नवीन होती, बोटाला धरलेली तीनेक वर्षांची मुलगी. तिनं झालेलं काहीच ऐकलं नव्हतं. "एक वाटी मूग द्या. कांदा नका घालू, हिच्यासाठी हवेत."

"इले कच्चे नाही देत मी. पातेल्यातले शिजवलेले घ्या."

"शिजवले की सगळं सत्त्व जातं हो."

"जाऊ द्या. लेकरू राहते."

बाईनं पातेल्यात डोकावून पाहिलं, मग उघड्या डब्याकडं. "म्हणजे हा माल चांगला नाही का?"

"चांगला हाय."

"चांगला आहे आणि देत नाही?" बाईनं भुवया उंचावल्या, रविंद्रकडं पाहिलं, रविंद्रनं खांदे उडवले. बाई मुलीला ओढत रस्ता ओलांडून गेली. तिकडं दुसऱ्या एकानं अलीकडंच मोडांचा गाडा लावला होता, काचेची पेटी, हिरवे फुगे आणि वर शेव. सुभद्राबाई आजवर त्या गाडेवाल्याला फुगेवाला म्हणायची आणि त्याच्या मालाबद्दल जे बोलायची ते पुस्तकात छापता येणार नाही.

ती उठली. उघडे डबे तसेच टाकून, पदर खोचून रस्ता ओलांडला. गाड्यापाशी पोचली तोवर त्यानं वाटी भरली होती आणि मुलीनं हात पुढं केला होता. सुभद्राबाईनं वाटीवर पंजा ठेवला. गाडेवाला भांडायच्या तयारीनं पुढं झाला. तिनं त्याच्या वाटीतले दाणे नाकाशी नेले, बोटांत चोळले.

"याचा माल चांगला हाय," ती त्या बाईला म्हणाली. "ताजा हाय, माह्याइतकाच. तरी लेकराले कच्चा देऊ नको वं माय."